रिफ्रेश विसरलो, तरी चित्र शाबूत

एफपीजीएवर एसडीरॅमचा कंट्रोलर मी स्वतः लिहायला घेतला होता. 256 मेगाबिटची चिप, 100 मेगाहर्ट्झचं क्लॉक आणि मेमरीतलं चित्र 640 × 480 च्या पडद्यावर. रिफ्रेशचं, म्हणजे मेमरीतला झिरपणारा चार्ज ठरावीक मुदतीत पुन्हा भरण्याचं, नंतर बघू म्हटलं. चित्र तासभर जसंच्या तसं राहिलं. डेटाशीट उगाच घाबरवतंय, असं वाटायला लागलं.

मग मेमरीच्या दुसऱ्या भागात आणखी एक चित्र भरलं. मिनिटभराने ते पडद्यावर आणलं तर जागोजागी रंगीत ठिपके. सेकंदाभरात आणलं तर एकही नाही.

डीरॅममधला बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर बंद असला तरी चार्ज झिरपतोच. वाचताना तर तो बिटलाइनवर सांडूनच जातो, आणि सेन्स अॅम्प्लिफायर तो ओळखून अख्खी रांग पुन्हा भरून ठेवतो. म्हणजे वाचलं की रिफ्रेश आपोआप झालं. माझं पहिलं चित्र 600 रांगांत होतं आणि पडदा त्या दर 16.8 मिलिसेकंदांनी वाचत होता. बाकी रांगांकडे कुणी फिरकतच नव्हतं. डेटाशीटमधली 64 मिलिसेकंदांची मुदत सगळ्यात कच्च्या सेलला धरून असते. बहुतेक सेल त्याहून खूप जास्त तग धरतात, म्हणून सेकंदाच्या चाचणीत मी फसलो.

64 मिलिसेकंदांत 8192 रिफ्रेश, म्हणजे दर 780 सायकलींना एक. तसं केलं. ठिपके गेले, पण पडद्यावर तिरप्या रेघा उमटल्या!

रिफ्रेशआधी उघडी रांग बंद करायला 2 सायकली, रिफ्रेशला 7, रांग परत उघडायला 2. एकूण 11, म्हणजे जेमतेम दीड टक्का. पण पडद्याला दर 4 सायकलींना एक पिक्सेल हवा, आणि माझ्या बफरमध्ये दोनच पिक्सेल मावायचे, म्हणून प्रत्येक रिफ्रेशला चित्रात खड्डा पडायचा. पडद्याची एक ओळ 3200 सायकलींची, चार रिफ्रेश 3120 सायकलींत. त्यामुळे प्रत्येक ओळीत खड्डा 20 पिक्सेल डावीकडे सरकत होता. रेघांचा तिरपेपणा मोजून चोर सापडला, याचा मला अजूनही आनंद होतो.

ओळ संपल्यावर पडदा 640 सायकली काहीच मागत नाही. सगळे रिफ्रेश तिथे हलवले. आधी ओळीमागे चार ठेवले, पण 64 मिलिसेकंदांत 2000 ओळी, म्हणजे 8000 रिफ्रेश. 192 कमी पडले. पाच केले. सायकली अजूनही जातातच, आता चित्र लिहिणाऱ्या सर्किटच्या वाट्यातून जातात, आणि त्याला थांबायला वेळ आहे. दुसरं चित्र रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी एकही ठिपका नव्हता.