मर्यादांचं पान

"सर्वेक्षणाच्या रिपोर्टमध्ये मर्यादा खऱ्याखऱ्या लिहिल्या तर निष्कर्षांवर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही त्या लिहिता तरी कशा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी "जुने रिपोर्ट बघा" म्हणून विषय मिटवते. जुने म्हणजे सगळेच नव्हेत. पहिल्या काही वर्षांतले मुळीच बघू नका.

तेव्हा माझा परिच्छेद ठरलेला असे: वेळ अपुरा होता, नमुना लहान होता, उत्तरं खरी असतीलच असं नाही. तो मी भाजणीच्या तयार पिठाच्या रिपोर्टलाही चिकटवला. पुण्यातल्या एका मॉलच्या दारात शनिवार-रविवारी आम्ही 200 जणांना गाठलं होतं. सादरीकरणात कंपनीच्या बाईंनी ते शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "उत्तरं खरी नसतील, तर आम्ही पैसे कशाचे दिले?" मी "सगळेच असं लिहितात" म्हणाले. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

गंमत अशी, की आमच्या हातात चांगला निष्कर्ष होता. किमतीची कार्डं आधीच पिसून ठेवली होती. निम्म्यांना 120 रुपये दिसले, निम्म्यांना 150. 120 ला शंभरातले 61 "घेईन" म्हणाले, 150 ला 42. कोणाला कोणतं कार्ड जाईल हे केवळ नशिबावर होतं, म्हणून मॉलमधल्या या लोकांपुरती तरी ही तुलना टिकते. टिकत नाही तो "पुण्यात 61 टक्के घेतील" हा दावा. दारात भेटेल त्याला थांबवलं, तर तो शहराचा नमुना होत नाही. त्यात मी "चूक अधिक-उणे 7 टक्के" असंही छापलं होतं! ते गणित यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्याचं, आणि माझा तसा नव्हता. खरी लाज त्याची वाटायला हवी होती; मी लाजले भलत्याच वाक्यावर.

आज मी तिथे लिहीन: "घेईन म्हणणारे सगळे घेत नाहीत, म्हणून हे आकडे विक्रीचा अंदाज नाहीत, दोन किमतींमधला फरक मात्र विचारात घ्यावा. मॉलमधलं गिऱ्हाईक बहुधा सधन. तिथेच 150 खटकत असतील, तर इतरत्र ते कमी खटकण्याचं कारण दिसत नाही." पुढच्या संशोधनात "मोठा नमुना घ्यावा" असं लिहिणार नाही. सहा किराणा दुकानांत चार आठवडे किंमत आलटून-पालटून लावा आणि पुडे मोजा, असं लिहीन. ज्या मर्यादेने दावा अडला, तिचंच उत्तर शोधायचं.

तरी "बहुधा सधन" हासुद्धा माझा अंदाजच. उत्पन्न आम्ही विचारलंच नव्हतं. आणि सगळीकडे हे चालतं असंही नाही. मध्यंतरी एका दुसऱ्या कंपनीने असाच परिच्छेद काढायला सांगितला. मी काढला नाही. परिशिष्टात हलवला.