एक लोटा, तीन तऱ्हा : चार सेकंदांच्या शॉटची नोंदवही

शॉट साधा आहे. वावरात, बाभळीच्या सावलीत म्हातारा बसलाय. पाण्यानं भरलेला लोटा उचलतो, पितो, रिकामा लोटा खाली ठेवतो. एकूण चार सेकंद. ॲनिमेशनचा हाच शॉट आधी पुतळीनं, एकेक फोटो काढून, मग कागदावर हातानं काढून आणि शेवटी संगणकावर करायचा, म्हणजे तिन्ही प्रकारांत नेमका फरक कुठे पडतो ते समोरासमोर ठेवता येईल. लोटा मुद्दाम निवडला. जाताना जड आणि येताना हलका असं त्याचं वजन बदलतं, आणि ते वजन पाहणाऱ्याला फक्त हालचालीतून कळायला हवं.

सेकंदाला २४ फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं. म्हणजे चार सेकंदांना ९६ फ्रेम आणि ४८ चित्रं. वाटणी अशी : ४ चित्रं स्थिर, १२ चित्रांत लोटा वर, २० चित्रं पिण्याची, ८ चित्रांत लोटा खाली, ४ चित्रं पुन्हा स्थिर. लोटा ९० मिलिमीटर वर जातो. भरला लोटा उचलतानाचं प्रत्येक चित्रातलं अंतर मिलिमीटरमध्ये हे :

०, ०, १, २, ४, ८, १२, १६, १८, १५, ९, ५

रिकामा लोटा खाली येताना :

६, १४, २०, २०, १६, ९, ४, १

पहिल्या रांगेतली सुरुवातीची दोन शून्यं सर्वांत महत्त्वाची. त्या दोन चित्रांत लोटा जागचा हलत नाही. फक्त खांदा खाली जातो आणि धड लोट्याकडे कलतं. शरीर आधी आणि वस्तू नंतर हलली, की वस्तू जड दिसते. रिकाम्या लोट्याला ही तयारी लागत नाही, तो पहिल्याच चित्रात ६ मिलिमीटर सरकतो. दोन्ही रांगा तिन्ही प्रकारांत तशाच वापरल्या. फरक उरतो तो एवढाच, की या आकड्यांमधली जागा कोण भरतं आणि चूक झाली तर मागे जाता येतं का.

पुतळी

उंची २२ सेंटिमीटर. हातापायात दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, दुहेरी पिळलेली. त्यावर दोरा, त्यावर कापूस, वरून धोतर-बंडी. चेहरा आणि पंजे तेवढे तेलाच्या प्लॅस्टिसिनचे. पायात तीन मिलिमीटरचा नट बसवून फळीखालून बोल्ट कसलाय. पाय पक्के नसले तर हात वाकवताना सगळी पुतळी केसभर सरकते, आणि पडद्यावर म्हातारा घसरल्यासारखा दिसतो.

लोटा पोकळ आहे, ॲल्युमिनियमच्या फॉइलचा. खेळण्यातला तांब्याचा लोटा लावून पाहिला तर फोटो काढेपर्यंत तार हळूहळू झुकते आणि हात आपोआप खाली येतो. म्हणजे जड दिसणारी वस्तू या कामात हलकीच असावी लागते.

पहिल्या प्रयत्नात बिघडली ती जमीन. सेटवर वावरातली खरी काळी माती ओली करून थापली होती. साडेतीन तासांच्या शूटिंगमध्ये ती दिव्याखाली वाळली, आणि काळी माती वाळली की आकसते. सलग चालवून पाहिलं तर म्हातारा पाणी पितोय आणि त्याच्या पायाखालची भेग चार सेकंदांत बोटभर उघडतेय. एकेका फोटोत ते दिसत नाही, चालवल्यावरच दिसतं. आता माती पूर्ण वाळवून, चाळणीनं चाळून, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवली आहे. भेगा हव्या तिथे आधीच कोरून घेतल्या.

दुसरी अडचण एप्रिल-मे महिन्यांची. दुपारी खोलीत ४२ अंश झाले की प्लॅस्टिसिन लोण्यासारखं होतं, नाक धरलं तर बोटाला चिकटून येतं. म्हणून शूटिंग पहाटे ४ ते ९. कुलर लावायचा नाही, त्याच्या वाऱ्यानं धोतराची किनार प्रत्येक फोटोत वेगळी बसते.

तिसरी अडचण प्रकाशाची. शिवारातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि स्वस्त बल्ब किंचित मंदावतो. डोळ्याला कळत नाही, पण ४८ फोटो लागोपाठ लावले की चित्र लुकलुकतं. यूएसबीचे दिवे पॉवर बँकवर लावल्यावर ते थांबलं. तरी थोडी लुकलुक उरली होती. कारण सापडलं पांढऱ्या सदऱ्यात : पुतळी हलवणारा माणूस कधी जवळ तर कधी लांब उभा असतो, आणि पांढऱ्या कापडावरून उजेड सेटवर पडतो. गडद कपडे घालायचे आणि प्रत्येक फोटोच्या वेळी एकाच जागी उभं राहायचं. फोनचं फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हे तिन्ही लॉक करायचे, यातलं एकही विसरू नये.

या प्रकाराची खरी कसोटी ३१ व्या फोटोला लागली. मनगटातली तार तुटली. तीच तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती थकते, तुटण्याआधी नुसती सैल लागते. इथे मागे जाता येत नाही. नवी तार घातली, ॲपमध्ये आधीच्या फोटोची पुसट छाया दाखवून हात तिच्यावर जुळवला आणि पुढे निघालो. तरी ३१ आणि ३२ मध्ये एक बारीक झटका राहिलाय. तो ठेवला आहे.

हे हाताळलेपण लपवायचं की दाखवायचं, यावर मोठे दिग्दर्शकही ठरवून निर्णय घेतात. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये गोरिलाचे केस सारखे थरथरतात, कारण प्रत्येक फ्रेमला माणसाची बोटं त्यांना लागली होती. ‘ॲनोमलिसा’ (२०१५) मध्ये पुतळ्यांचे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापलेले, कपाळाचा आणि खालचा भाग वेगळा. त्यांच्यामधली सांध्याची रेघ संगणकावर सहज पुसता आली असती, पण ती मुद्दाम ठेवली. एकाकी, थकलेल्या मध्यमवयीन माणसाची ती गोष्ट आहे आणि ती रेघ त्या गोष्टीचाच भाग होते. त्यात शरीरसंबंधाचा सविस्तर प्रसंग आहे, म्हणून पोरं झोपल्यावरच लावावा. मातीकाम पाहायचं असेल तर ‘मेरी अँड मॅक्स’ (२००९). मेलबर्न तपकिरी आणि न्यूयॉर्क करडं, एवढ्यावर दोन जगं उभी केलीत.

कागद

साधा ए-फोर कागद, ऑफिसातलं दोन भोकांचं पंच, आणि फळीवर त्याच अंतरावर बसवलेल्या दोन खुंट्या. काचेखाली एलईडी पट्टी. स्कॅन करतानाही कागद खुंट्यांवरच हवा, नाहीतर सगळं चित्र डुगडुगतं.

इथे क्रम उलटा असतो. पुतळीत पहिल्या फोटोपासून शेवटापर्यंत सरळ जावं लागतं. कागदावर आधी टोकाची चित्रं काढायची : लोटा जमिनीवर, खांदा कललेला, लोटा छातीशी, लोटा तोंडाशी. मग मधली भरायची. न जमलेलं चित्र फाडून तेवढंच नवं काढता येतं, शेजारच्या कागदांना धक्का लागत नाही.

चूक होते ती मधल्या चित्रात. दोन चित्रांच्या बरोबर मध्ये रेघ ओढली की लोटा सरळ रेषेत जातो. पण हात कोपरावर फिरतो, त्यामुळे पंजाची वाट गोलाईची असते. सरळ वाट धरली की मधल्या चित्रांत कोपर ते मनगट अंतर कमी होतं. आमच्या पहिल्या फेरीत म्हाताऱ्याचा हात वर जाताना आखडला आणि तोंडाशी पुन्हा लांबला. उपाय सोपा : पुठ्ठ्याची एक पट्टी कोपर ते मनगट एवढी कापायची आणि प्रत्येक चित्रावर ठेवून पाहायची. लोट्याचंही तसंच. बाराव्या चित्रापर्यंत तो फुगत जातो, म्हणून लोट्याचा एकच साचा कापून घेतला.

धड आणि हात वेगळ्या कागदांवर काढले. धडाची चित्रं ९ पुरली, हाताची ४८ लागलीच. पण पिताना धडाचा एकच कागद २० चित्रं तसाच ठेवला, तर तो भाग मेल्यासारखा दिसतो. तिथे तेच धड तीनदा गिरवलं आणि तीन कागद आलटून पालटून लावले. रेघ किंचित थरथरते आणि म्हातारा श्वास घेतोय असं वाटतं. मिशांपाशी हे फार छान आलंय.

अशी रेघ मोठ्या पडद्यावर काय करू शकते ते पाहायचं तर इसाओ ताकाहाताचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३). राजकन्या महालातून पळत सुटते तिथे रेघा अक्षरशः विस्कटतात, आणि तिचा संताप त्या रेघांतूनच कळतो. आपल्याकडचा गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) फ्रेम-फ्रेम रंगवलेला आहे. संगणक वापरला तो कागद आणि रंग म्हणून, मधली चित्रं भरायला नाही. ‘संगणकावर केलंय’ एवढ्यावरून प्रकार ठरत नाही, तो असा.

संगणक

ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट मिळतं. म्हातारा एकदा घडवला की लोटा फुगत नाही, उजेड लुकलुकत नाही, तार तुटत नाही. अडचण वेगळीच येते : मधली चित्रं यंत्र न विचारता भरतं. नवव्या फ्रेमला लोटा खाली आणि तेहतिसाव्या फ्रेमला वर असं सांगितलं, की ते हळू सुरुवात, मध्ये वेग, हळू शेवट अशी दोन्हीकडे सारखी चाल देतं. लोटा फुग्यासारखा तरंगत वर येतो. शिवाय पंजा IK नं, म्हणजे पंजा नेला की बाकीचा हात आपोआप मागे येतो त्या पद्धतीनं, ओढला तर तोही सरळ रेषेत जातो, म्हणजे कागदावरचीच चूक इथे यंत्र करतं. हात FK वर, म्हणजे एकेक सांधा स्वतः फिरवायच्या पद्धतीवर, घेऊन खांदा आणि कोपर फिरवले तेव्हा गोलाई आली.

मग हालचालीच्या वक्ररेषा दाखवणाऱ्या Graph Editor मध्ये सगळ्या की, म्हणजे आपण जागा ठरवून दिलेल्या फ्रेम, Constant केल्या, की यंत्र मधलं भरत नाही, आणि वरच्या रांगेतले आकडे हातानं बसवले. ते पटल्यावरच वक्ररेषा परत आणल्या, आणि नऊ ते बारा या फ्रेममध्ये लोट्याची रेघ सपाट ठेवली. ती दोन शून्यं इथे मुद्दाम घालावी लागतात. शेवटी वक्रांवर Stepped Interpolation लावून Step Size २ केली, म्हणजे चित्र दोन फ्रेम टिकतं. त्याशिवाय तिन्ही शॉट शेजारी लावले की संगणकाचा शॉट जास्त गुळगुळीत दिसतो आणि तुलना फसते.

लोटा हाताला Child Of या बंधनानं जोडलाय, म्हणजे हातामागे लोटा जातो. पकडण्याच्या फ्रेमला तो उडी मारून भलतीकडे गेला, तर Set Inverse दाबायचं राहिलंय असं समजावं.

रेंडर, म्हणजे तयार चित्रं काढणं, थेट व्हिडिओत करू नये. लाइट गेली की सगळी फाइल जाते. PNG ची मालिका काढायची आणि Overwrite ची खूण काढून टाकायची, मग परत सुरू केल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. फक्त शेवटची PNG अर्धवट असू शकते, ती आधी पुसायची. एकाआड एक फ्रेम पुरते, म्हणून :

```
blender -b lota.blend -s 1 -e 96 -j 2 -a
```

म्हणजे ९६ ऐवजी ४८ रेंडर. एका फ्रेमला दोन मिनिटं धरली तर ९६ मिनिटांत काम होतं, लाइटच्या एका पाळीत बसतं.

याच ब्लेंडरमध्ये ‘आय लॉस्ट माय बॉडी’ (२०१९) झाला. तुटलेला एक हात शहरभर आपलं शरीर शोधत फिरतो, आणि त्यात संगणकी आकृत्यांवर हातानं रेघ ओढलेली आहे. मोठ्यांसाठीच आहे, रक्त आहे. ‘फ्लो’ (२०२४) सुद्धा ब्लेंडरमधलाच, त्यात एकही संवाद नाही, त्यामुळे सबटायटल न वाचणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींसोबतही पाहता येतो. त्यातली मांजर उडी मारण्याआधी मागचा भाग दाबते, त्या फ्रेम थांबवून मोजाव्यात.

सध्याची स्थिती

तिन्ही शॉट जोडून झाले. लोटा झाकून फक्त खांदा दिसेल असं चित्र कापलं, आणि भरला कोणता नि रिकामा कोणता ते ओळखता येतं का पाहिलं. कागदावर आणि पुतळीत ओळखू येतं. संगणकात अजून नाही : उचलताना खांदा खाली जातो, पण मान हलत नाही. पाच ते बारा या फ्रेममध्ये मान पुढे घेऊन पुढची फेरी करायची आहे. आवाज त्यानंतर, आणि तिन्हींना एकच, कारण लोटा जमिनीवर टेकल्याचा ठण्ण आवाज आला की डोळ्यांना नसलेलं वजनही दिसायला लागतं.