वर्षअखेरचं आभाराचं भाषण आणि मनिलातला रात्रीचा एक : माझा अनुभव

भाषण लिहायला मला फारसा वेळ लागला नाही. ज्यांचे आभार मानायचे होते त्यांना ते जागेपणी ऐकता यावं, एवढ्यासाठी जी मेलामेली करावी लागली तिचा राग मात्र अजून गेलेला नाही. पुढच्या डिसेंबरात माझ्यासारख्या कुणाला हे काम आलं तर त्याचे दिवस वाचावेत, म्हणून लिहितो आहे.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकसेवेची टीम सांभाळतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. काम घरूनच करतो. टीम चार ठिकाणी विखुरलेली आहे: थोडे लोक भारतात, बाकीचे मनिला, पोलंडमधलं क्राकोव आणि कॅलिफोर्निया. एका ठिकाणची पाळी संपताना दुसरीकडची माणसं काम हाती घेतात आणि काय अर्धवट राहिलं ते हँडओव्हर लॉगमध्ये लिहून ठेवतात. वर्षअखेरच्या ऑनलाइन कार्यक्रमात प्रत्येक मॅनेजरने आपल्या टीमचे आभार मानायचे, असं ठरलं होतं.

कार्यक्रमाची वेळ मुख्यालयातल्या कार्यक्रम विभागाने ठरवून टाकली: गुरुवार, 18 डिसेंबर 2025, सकाळी नऊ. म्हणजे कॅलिफोर्नियातले नऊ. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, क्राकोवला संध्याकाळचे सहा, आणि मनिलात शुक्रवार उजाडून पहाटेचाही पत्ता नाही, रात्रीचा एक. वर्षभर अडचणीच्या वेळी काम केलं म्हणून ज्यांचे आभार मानायचे, त्यांनी ते आभार ऐकायलाही रात्री एक वाजता उठायचं! मला हे पटेना.

चौघांनाही सोयीची एक वेळ निघते का, ते आधी कागदावर मांडून पाहिलं. आपले सकाळचे साडेसहा धरले तर मनिलात नऊ आणि कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच, दोन्ही छान. पण क्राकोवला रात्रीचे दोन. आपले रात्रीचे साडेआठ धरले तर क्राकोवला दुपारचे चार, कॅलिफोर्नियात सकाळचे सात, पण मनिलात रात्रीचे अकरा. कसंही फिरवा, कुणाची तरी झोप जातेच. तुमची टीम अशी पसरलेली असेल तर सगळ्यांना चालेल अशी वेळ शोधत बसू नका. दोनदा बोलायची तयारी ठेवा.

मी तेच मागितलं. मुख्य कार्यक्रम आहे तिथेच राहू द्या, मनिला आणि क्राकोवसाठी मी दिवसा वेगळं बोलतो. आणि इथे गाडी रुतली.

कार्यक्रम विभागाचा एक ऑनलाइन फॉर्म होता. त्यात वेळेचा रकाना एकच, आणि त्यात फक्त कॅलिफोर्नियाची वेळ निवडता यायची. दुसऱ्या सत्रासाठी वेगळा फॉर्म, त्याला वेगळा खर्चाचा कोड, तो कोड द्यायला वित्त विभागाची मंजुरी. मी लिहिलं, यात खर्च काहीच नाही, नुसती मीटिंगची लिंक आहे. उत्तर आलं, वर्षअखेरचा कार्यक्रम या नावाने काहीही करायचं तर कोड लागतो. मी विचारलं, मग नाव बदलू का? त्यावर उत्तर, मुख्य कार्यक्रमाच्या आधी कुठल्याही टीमचे जाहीर आभार मानायचे नाहीत, मनिलातल्या लोकांनी नंतर रेकॉर्डिंग बघावं.

या वाक्याने माझं डोकं तापलं. रेकॉर्डिंग नेहमी त्यांनीच का बघायचं?

शिवाय कॅलिफोर्निया आणि आपल्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचं अंतर. मी सकाळी मेल टाकायचो तेव्हा त्यांचं ऑफिस बंद झालेलं असायचं, आणि त्यांचं उत्तर यायचं तेव्हा मी जेवून अंथरुणावर. एका प्रश्नाला एक अख्खा दिवस. त्या उत्तरात त्यांनी उलट प्रश्न विचारला की आणखी एक. समोरासमोर चहा पिता पिता मिटलं असतं ते प्रकरण असं लांबत गेलं, आणि डिसेंबरचे दिवस संपत चालले.

त्याच दिवसांत एका रात्री दादा वावरात निघाला होता. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची लाइन होती. मी लॅपटॉपवर तेच उत्तर वाचत बसलेला. त्याला सगळं सांगितलं, तर तो बॅटरी हातात घेऊन दारातच थांबला. म्हणाला, "रात्री ओलित करणाऱ्याले रात्री एक वाजताच शाल-नारळ देतेत का रे? दिवसा बोलाव ना त्याले." मी तेव्हाच बसून नवा मेल लिहिला.

या वेळी एकेक प्रश्न विचारला नाही. जे जे विचारलं जाईल त्याचं उत्तर आधीच लिहून टाकलं, आणि वर एक छोटा तक्ता जोडला: चारही ठिकाणची वेळ, आणि प्रत्येक वेळेपुढे वार. हा वार महत्त्वाचा. "18 तारखेला रात्री" म्हटलं की मनिलातल्या माणसाची आणि तुमची 18 तारीख एकच राहत नाही. शेवटी लिहिलं की यावर मेलने उत्तर नको, फोन करा, मी तुमच्या सकाळी जागा राहतो.

फोन आला. समन्वय करणाऱ्या बाई भल्या निघाल्या. तक्ता बघून त्या म्हणाल्या, मनिलासमोर मध्यरात्रीनंतरची वेळ आहे हे फॉर्ममध्ये कधी दिसतच नाही. मग त्यांनीच वाट सुचवली. फॉर्ममध्ये खाली एक निवड होती: भाषण थेट, की आधी रेकॉर्ड केलेलं. रेकॉर्ड केलेलं निवडा, म्हणाल्या, फाइल बुधवारपर्यंत द्या. ती कुठे आणि कुणासमोर रेकॉर्ड केली हे आम्ही विचारत नाही.

म्हणजे कोड नको, मंजुरी नको. मंगळवारी, 16 डिसेंबरला, आपल्या दुपारी दीड वाजता मी मनिला, क्राकोव आणि भारतातल्या सगळ्यांना नेहमीच्या टीम मीटिंगला बोलावलं. मनिलात दुपारचे चार, क्राकोवला सकाळचे नऊ. तिथे थेट बोललो, तेच रेकॉर्ड केलं, आणि तीच फाइल गुरुवारी मुख्यालयाला ऐकवली. या वर्षी रेकॉर्डिंग मुख्यालयाने बघितलं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या माणसांसाठी मी गुरुवारी कार्यक्रमानंतर थांबून त्यांचे आभार वेगळे मानलेच.

आमंत्रणाबद्दल आत्ता आठवलं म्हणून सांगतो. वेळेपुढे नुसतं IST लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही आपल्या वेळेला IST म्हणतात. कॅलेंडरमध्ये शहराच्या नावाची वेळ निवडा, `Asia/Kolkata` किंवा `Asia/Manila`. मग ज्याच्या त्याच्या कॅलेंडरात ज्याची त्याची वेळ दिसते.

आता भाषणाबद्दल. "तुम्ही वेगवेगळ्या वेळांत काम करता, त्याबद्दल धन्यवाद" या वाक्याने कुणाचंच काही होत नाही. कुणाचा कोणता तास गेला ते शोधून काढावं लागतं, आणि तो तास लॉगमध्ये असतो. आमच्या लॉगवर वेळ UTC मध्ये उमटते. मी मनिलाच्या रोजच्या पहिल्या नोंदी वर्षभराच्या काढून एकाखाली एक लावल्या. जानेवारी-फेब्रुवारीत पहिली नोंद 01:00 च्या पुढेमागे, म्हणजे मनिलातले सकाळचे नऊ. मार्चच्या मध्यापासून ती एकदम 00:00 वर आली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तिथेच राहिली. मनिलात तर घड्याळ बदलत नाही. मग?

कारण कॅलिफोर्नियात होतं. तिथे 9 मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली आणि 2 नोव्हेंबरला परत आली. हिवाळ्यात त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे मनिलात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ, एकाने सोडलं की दुसऱ्याने धरलं. उन्हाळी वेळ लागली की त्यांचे पाच मनिलातल्या आठलाच वाजतात. आठ ते नऊ हा तास मोकळा पडतो. ना इकडचं कुणी, ना तिकडचं. मनिलातली आमची एक सहकारी तेव्हापासून, कुणी न सांगता, रोज आठला येऊन बसत होती. वेळापत्रकात तिची पाळी नऊचीच होती. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. तो तास रिकामा आहे हे मला कळलं नाही, याचं कारण तो कधी रिकामा राहिलाच नाही.

मी भाषणात हेच सांगितलं, तारखा आणि वेळांसकट, आणि तिचं नाव घेऊन. क्राकोवचंही तसंच. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही सुट्टीवर होतो तेव्हा ते सकाळी सहाला कामावर हजर होते, म्हणजे आपल्या साडेनऊला. मी म्हणालो, "आमच्या घरी फराळाचं ताट पुढे आलं तेव्हा तुमच्याकडे अजून अंधार होता, आणि आमचा फोन एकदाही वाजला नाही." मनिलातल्या बाई काही क्षण बोलल्या नाहीत, मग त्यांनी कॅमेरा बंद केला. नंतर त्यांनी लिहिलं की तो तास कुणी बघितला असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रेकॉर्ड होणाऱ्या भाषणात "शुभ सकाळ", "आज", "काल" असे शब्द टाळा. मंगळवारचं "आज" गुरुवारी खोटं पडतं. नावांचा उच्चार ज्याच्या त्याच्याकडून आवाजी संदेश मागवून घोकून घ्या. पोलिश नावं नुसत्या स्पेलिंगवरून म्हणता येत नाहीत.

गावातून बोलणाऱ्यांसाठी आणखी एक. इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पण नेट कधी लटपटेल याचा नेम नसतो. मी आवाज फोनवरून, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर जोडला आणि चित्र लॅपटॉपवरून. चित्र थांबलं तर लोक ऐकत राहतात. आवाज तुटला की गेलं. रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवायची खूण आधीच करून ठेवा, म्हणजे एवढी मोठी फाइल गावातून अपलोड करत बसावी लागत नाही, नुसती लिंक पाठवायची.

फॉर्ममध्ये अजून कॅलिफोर्नियाचीच वेळ आहे. शहराप्रमाणे वेळ दाखवणारा रकाना त्यात घाला, असं मी जानेवारीत लिहून दिलं आहे, उत्तराची वाट बघतो आहे. तिथली घड्याळं यंदा 8 मार्चला पुढे जातात, आणि मनिलातला तो तास मंगळवारी, 10 मार्चला पुन्हा मोकळा पडेल. या वेळी तो वेळापत्रकात लिहिलेला आहे: आठ वाजताची पाळी, आळीपाळीने दोघांची, आणि जो आठला येईल तो एक तास आधी घरी जाईल.