चाळीस कामगारांचं एक वर्ष

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज तक्ता मॅडमना दाखवला आणि तो तसाच माझ्याकडे परत आला.

चार दिवस त्यावर बसले होते. आमचं सॉफ्टवेअर छोट्या कारखान्यांची हजेरी आणि पगार सांभाळतं, ग्राहक बहुतेक भोसरी-चाकणकडचे. तीन स्पर्धकांच्या किमती आणि सुविधा एका पानावर आणायच्या होत्या. मी त्यांच्या वेबसाइटवरचे आकडे उतरवले, सुविधांपुढे टिकमार्क टाकले. दिसायला तक्ता छान झाला होता.

मॅडमनी एकच विचारलं, "भोसरीत चाळीस कामगारांचं वर्कशॉप असलेला माणूस यातल्या प्रत्येकाला वर्षाला किती देईल?" मला सांगता येईना.

दुपारी बाणेरच्या ऑफिसात पुन्हा पहिल्यापासून बसले. पहिल्या स्पर्धकाचा दर मी 'कर्मचाऱ्यामागे महिना ६० रुपये' असा लिहिला होता, म्हणजे चाळीस जणांचे २,४०० झाले. दुसऱ्याचा पन्नास जणांपर्यंत सरसकट महिना २,९९९. पहिला स्वस्त, असं मी मंगळवारीच ठरवून टाकलं होतं. आज त्याच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचली. किमान पन्नास जणांचं बिल होणार, ६० चा दर वर्षाचे पैसे एकदम भरले तरच, आणि जीएसटी वेगळा. म्हणजे चाळीस माणसं असली तरी पन्नासाचे महिना ३,०००, वर्षाचे ३६,००० आणि वर १८ टक्के कर. दुसऱ्याच्या २,९९९ मध्ये कर धरलेला आहे, त्याचे वर्षाचे ३५,९८८ होतात.

इथे मी आणखी एक चूक करणार होते. दुसऱ्याचा कर बाजूला काढायला मी ३५,९८८ मधून सरळ १८ टक्के वजा करत होते. पण कर मूळ किमतीवर लागलेला असतो, म्हणून १.१८ ने भागायचं. उत्तर आलं सुमारे ३०,४९८. जीएसटी नोंदणी असलेल्या कारखानदाराला भरलेल्या कराची वजावट सहसा मिळते, म्हणून तुलना कराशिवायच्या आकड्यांची करायची: ३६,००० आणि ३०,४९८. म्हणजे स्वस्त दुसराच. कंपोझिशन स्कीममधल्याला ही वजावट मिळत नाही, त्याच्यासाठी करासकटची ओळ खाली ठेवली.

टिकमार्कांचंही तेच. अंगठ्याच्या मशीनची जोडणी दोघांकडे आहे म्हणून मी दोन्हीकडे टिक केली होती. पण पहिल्याकडे ती वरच्या प्लॅनमध्येच मिळते, ९० रुपयांच्या. वर्कशॉपच्या दारात मशीन बसवल्याशिवाय हजेरी लागत नाही, मग त्या माणसासाठी खरा आकडा पन्नास गुणिले ९० गुणिले बारा, म्हणजे ५४,०००. आता टिकच्या जागी मी प्लॅनचं नाव लिहिते.

व्यवसाय कराचा रकाना मात्र साइट वाचून भरायचाच नाही असं ठरवलं. महाराष्ट्रात पूर्ण दर लागू असलेल्या कर्मचाऱ्याचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, असे वर्षाचे २,५००. दोघांचीही चाचणी खाती उघडून एक खोटा कर्मचारी टाकला, पगार ३०,०००, महिना फेब्रुवारी. एकाने ३०० कापले. दुसऱ्याने २०० च कापले, महिन्यानुसार बदलायची सोय कुठे सापडली नाही. हे शोधताना मला फार बरं वाटलं. कारण वर्षअखेरीस माणशी शंभर रुपयांचा फरक पडला की तो निस्तरत बसणारा अकाउंटंट माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा मामा पिंपरीत हेच काम करतो. रकान्यात लिहिलं, 'चाचणी खात्यात २०० कापले', तारीख आणि स्क्रीनशॉटसकट.

तिसऱ्याने किंमत जाहीरच केलेली नाही, 'संपर्क करा' एवढंच. सेल्समधला एक दादा म्हणाला, "ग्राहक असल्याचं सांगून फोन लाव, लगेच कोटेशन देतील." मला ते पटलं नाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "नको, खोटं बोलून आणलेला आकडा माझ्या तक्त्यात नको." दादाला एका ग्राहकाकडून ऐकलेला आकडा माहीत होता, पण तो दोनशे कामगारांच्या कारखान्याचा, तोही घासाघीस करून मिळालेला. चाळीसवाल्याला तो लागू कसा होणार? त्या जागी 'किंमत जाहीर नाही' लिहिलं आणि सोबत पाहिल्याची तारीख.

तारखेचा रकाना आता प्रत्येक किमतीपुढे आहे. मंगळवारी उतरवलेला दुसऱ्याचा दर आज तोच आहे का, हेही पाहिलं, तोच आहे. सगळ्यात वरची ओळ मात्र बदलली. तिथे आधी कंपन्यांची नावं होती, आता त्यांच्याही वर लिहिलंय: '४० कामगार, अंगठ्याचं मशीन, एक वर्ष, जीएसटीशिवाय'. आमची स्वतःची किंमत त्याच हिशेबाने बसवायची राहिली आहे. आमच्याही दरात किमान तीस जणांची अट आहे, ती चाळीसवाल्याला अडत नाही, पण वीसवाल्याला अडते. त्याची दुसरी ओळ सोमवारी घालायची.