अर्धं पेअरिंग

मी एका विमान कंपनीत वैमानिकांचं वेळापत्रक आखण्याचं काम करतो. मुंबई बेसवरून निघून मुंबईलाच परतणारी उड्डाणांची साखळी म्हणजे आमच्या भाषेत पेअरिंग. शक्य पेअरिंग लाखोंनी असतात. त्यांतून अशी निवड करायची की प्रत्येक उड्डाण बरोबर एकाच पेअरिंगमध्ये यावं आणि खर्च कमीत कमी व्हावा.

त्या दिवशी रोस्टर संध्याकाळपर्यंत जाहीर व्हायचं होतं आणि ही निवड करणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या, म्हणजे सॉल्व्हरच्या, उत्तरात बरीच पेअरिंग ०.५ वर अडकली होती; खरं तर घेतलेल्या पेअरिंगला १ आणि सोडलेल्याला ० मिळायला हवा. गाठ नेमकी कुठे आहे हे पाहताना तीन फेऱ्या सापडल्या: नागपूर, हैदराबाद आणि इंदूर, तिन्ही मुंबईहून जाऊन-येऊन. कोणत्याही दोन एका ड्यूटीत बसत होत्या, तिन्ही मिळून मात्र उड्डाणाचे तास नियमाबाहेर जात होते. समजायला सोपे आकडे घेतो. दोन फेऱ्यांच्या पेअरिंगचा खर्च १०, एकट्या फेरीचा ८. सॉल्व्हरने तिन्ही जोड्या अर्ध्या-अर्ध्या घेतल्या. प्रत्येक फेरी दोन जोड्यांत येते, म्हणून अर्धा अधिक अर्धा, बेरीज एक. खर्च १५, कागदावर सगळं चोख!

"अहो, राउंड करून टाका ना," ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले. पण वर नेलं तर प्रत्येक फेरीला दोन-दोन क्रू लागतात, आणि खाली आणलं तर एकही नाही.

एखादं पेअरिंग निवडून "हे घ्या" किंवा "हे घेऊ नका" असे दोन फाटे करणं पहिल्यांदा सुचतं. पण "घेऊ नका" म्हटल्याने लाखांतलं एकच वगळलं जातं. मोठ्या पेअरिंगमध्ये तर जवळपास तसंच दुसरं, मधलं एखादं उड्डाण बदललेलं, लगेच पुढे येतं आणि खर्च तसूभरही हलत नाही.

म्हणून मी रायन आणि फॉस्टर यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत वापरली. तिच्यात प्रश्न पेअरिंगबद्दल नसतो, दोन उड्डाणांबद्दल असतो: नागपूर आणि हैदराबाद एकाच क्रूकडे, की वेगवेगळ्या? एकाच क्रूकडे दिल्या तर इंदूर एकटं उरतं, खर्च १८. वेगळ्या केल्या तर इंदूर दोघींपैकी एकीबरोबर जातं आणि दुसरी एकटी राहते, खर्च पुन्हा १८. दोन्ही बाजूंना १८ च्या खाली काही नाही, म्हणजे १५ हा आकडा मुळात मिळणारच नव्हता. अशा एका प्रश्नाने दोन्ही फाट्यांत हजारो पेअरिंग एकदम बाद होतात, ही त्याची खरी ताकद.

प्रत्यक्षात आम्ही "ही दोन उड्डाणं लागोपाठ एकाच क्रूने करायची का" एवढंच विचारतो. त्यासाठी उड्डाणांच्या जाळ्यातल्या काही जोडण्या फक्त काढून टाकाव्या लागतात, त्यामुळे नवी पेअरिंग शोधणारा भाग जड होत नाही. अशा काही प्रश्नांनंतर ते अर्धे आकडे एकेक करत गेले आणि पूर्णांकी उत्तर हाती आलं. ज्याच्या खाली खर्च जाऊच शकत नाही त्या मर्यादेपेक्षा ते थोडं महाग होतं. तो फरक शून्यावर आणायला रात्रभर मशीन चालवावं लागलं असतं, म्हणून साहेबांना फरकाचा आकडा दाखवला आणि तेच रोस्टर पाठवलं.