वेळपट्टीची नोंद : गोम बाराला नाही, एकला आहे

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की 'किती वेळ लागला' हे काढायची, दुपारचे बारा ओलांडणारी उदाहरणं चौथीच्या मुलांना अडतात आणि त्यासाठी बारावर लाल रेघ मारलेली कागदी वेळपट्टी करायची आहे. पट्टी झाली, पण लाल रेघ चुकीच्या जागी होती. ते दोन उदाहरणं शेजारी ठेवल्यावर कळलं.

पहिलं : सकाळी ९:५० ते दुपारी १२:३५. यात मध्यान्ह ओलांडलेलं आहे, तरी सरळ वजाबाकी करून २ तास ४५ मिनिटं हे बरोबर उत्तर येतं. दुसरं : दुपारी १२:२० ते २:१०. यात काहीच ओलांडलेलं नाही, दोन्ही वेळा दुपारच्याच. तरी मुलं इथे अडकतात, कारण बारातून दोन कसे वाढले हे त्यांना दिसत नाही. म्हणजे दिवस बाराला उलटतो, पण आकडा उलटतो एकला. १२:५९ नंतर १:०० येतं, तिथे आकडा घसरतो. आपण आजवर 'मध्यान्ह ओलांडणारी' म्हणून जी उदाहरणं एका गठ्ठ्यात टाकली, त्यांतली दुपारी १ च्या आत संपणारी जवळजवळ सगळी बाजूला काढावी लागतील. ती मुलांना जमली म्हणजे मध्यान्ह जमलं, असं धरण्यात अर्थ नव्हता.

आता मुख्य उदाहरण. चाचणीसाठी हेच पक्कं केलं आहे :

सोलापूरहून लातूरला जाणारी एसटी सकाळी १०:४५ ला सुटली आणि दुपारी २:२० ला पोचली. प्रवासाला किती वेळ लागला?

उत्तर ३ तास ३५ मिनिटं. आकडे मुद्दाम असे निवडले आहेत की चुकीची प्रत्येक वाट वेगळ्या उत्तराला जाते, त्यामुळे वही पाहूनच चूक ओळखता येते. ८ तास २५ मिनिटं आली तर मुलाने मोठ्यातून लहान वजा केलं : १० मधून २, ४५ मधून २०. ३ तास ७५ मिनिटं आली तर २:२० चे १४:२० करण्यापर्यंत सगळं बरोबर आहे, फक्त हातचा घेताना तासाची ६० मिनिटं न घेता १०० घेतली. काही मुलं हे ७५ पाहून पुढे १ तास १५ करतात आणि ४ तास १५ लिहितात, तेव्हा ४:१५ दिसलं तरी मूळ चूक तीच समजायची. ४ तास ३५ आलं तर १० ते २ चार तास मोजले, ४५ ते २० मिनिटं ३५ मोजली आणि दोन्ही जोडून दिली. १०:४५ मध्ये चार तास मिळवले की २:४५ होतात, म्हणजे गाडी लातूर ओलांडून गेली, हे पाहायचं राहिलं. आणि २ तास ३५ आलं तर बारापर्यंतचा सव्वा तास नीट काढला, पण पुढची मोजणी बाराऐवजी एकपासून केली. हीच ती एकची घसरण.

उलट्या वजाबाकीची एक खूण वही तपासताना फार उपयोगी पडते. चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर यांची बेरीज नेमकी १२ तास होते : ८:२५ आणि ३:३५ मिळून १२:००. दुसऱ्या उदाहरणातही तसंच, १२:२० मधून २:१० गेले की १०:१०, खरं उत्तर १:५०, बेरीज पुन्हा बारा. प्रवास बारा तासांच्या आतला असला आणि सुटण्याच्या वेळेतून पोचण्याची वेळ नीट वजा झाली की हे प्रत्येक वेळी जुळतं, कारण मूल वर्तुळाची उरलेली बाजू मोजत असतं. अशा मुलाला 'चूक' म्हणून सोडून देऊ नये. तबकडीवर २:२० पासून पुढे १०:४५ पर्यंत काटा फिरवायला द्यावा. त्याने काढलेले सव्वाआठ तास आणि वर दहा मिनिटं तिथे खरोखर सापडतात, फक्त ते गाडी पोचल्यानंतरचे आहेत.

शंभराच्या हातच्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. ती चूक उत्तर नेहमी ४० मिनिटांनी वाढवते. खऱ्या उत्तरातली मिनिटं २० किंवा जास्त असतील तर चुकीची मिनिटं साठ गाठतात आणि चूक डोळ्यांत भरते. पण १०:५० ते २:०५ घेतलं तर खरं उत्तर ३:१५ आणि चुकीचं ३:५५. दिसायला दोन्ही सभ्य. मुलालाही शंका येत नाही, तपासणाऱ्यालाही कारण कळत नाही. म्हणून जुन्या संचात हातचा लागणारी आणि उत्तरातली मिनिटं वीसच्या आत असलेली जी उदाहरणं आहेत, ती सरावाला ठेवा, चाचणीला नको.

पावणे, पाऊण, दीड अशा बोलीतल्या शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न मागे राहिला होता, तो इथेच येऊन मिळाला. १०:४५ ला आपण पावणेअकरा म्हणतो. मूल 'अकरा' ऐकतं, तास काटाही अकराला जवळजवळ टेकलेला असतो आणि वहीत ११:४५ उतरतं. यात शब्दाचा दोष नाही, उलट शब्द काट्याचं खरं वर्णन करतो. दोष गिअर नसलेल्या पुठ्ठ्याच्या घड्याळाचा आहे. त्यात तास काटा दहावरच ठेवून मिनिट काटा नऊवर नेता येतो, मग मूल दहा वाचतं आणि खऱ्या घड्याळासमोर गोंधळतं. माझं मत स्पष्ट आहे : मागे गिअरचं चाक असलेलं एकच घड्याळ वर्गाला पुरतं, बिनगिअरची तीस घड्याळं असून नसल्यासारखी. बिनगिअरची असतीलच तर त्यांचा मिनिट काटा काढून टाका आणि फक्त तास काट्यावर सवा, साडे, पावणे वाचून घ्या. त्या कामाला ती उत्तम आहेत.

खरी गंमत दुपारच्या शब्दांत आहे. पाऊण वाजला म्हणजे १२:४५, सव्वा वाजला म्हणजे १:१५, दीड म्हणजे १:३०, अडीच म्हणजे २:३०. पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मापं आहेत, पाऊण किलो, दीड मीटर म्हणतो तशीच. पाऊण वाजला याचा अर्थ बारापासून पाऊण तास झाला. दीड वाजले म्हणजे बारापासून दीड तास. बाराला शून्य धरण्याचं काम भाषेने आधीच करून ठेवलं आहे. सव्वाबारा, साडेबारापर्यंत बाराचं नाव राहतं आणि पाऊणपासून नवी मोजणी सुरू होते. त्यामुळे २:२० या वेळेचा दुसरा टप्पा काढायचाच नसतो, तो लिहिलेलाच असतो : बारानंतर २ तास २० मिनिटं. फक्त पहिला टप्पा काढायचा, १०:४५ ते १२, म्हणजे १ तास १५. बेरीज ३:३५, कुठेही हातचा नाही. ज्या मुलांच्या कानावर फक्त 'बारा पंचेचाळीस' पडतं, त्यांना 'पाऊण वाजला' आधी शिकवावं लागेल, पण तो खर्च वसूल होतो.

आता पट्टीकडे. माप असं ठेवलं आहे : १ मिलिमीटर म्हणजे १ मिनिट, म्हणून तासाला ६ सेंटीमीटर. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ ही ७२ सेंटीमीटरची पट्टी. ए-फोर कागद २९.७ सेंटीमीटर लांब, त्यामुळे चार-चार तासांचे २४ सेंटीमीटरचे तीन तुकडे केले : ६ ते १०, १० ते २, २ ते ६. इथे दोन गोष्टी बिघडल्या. एक, बारा नेमके मधल्या तुकड्याच्या पोटात गेले आणि बाराशी घडी घालण्याची सोय गेली. दोन, प्रत काढताना पान आपोआप लहान झालं. तास ६ ऐवजी ५.८ सेंटीमीटर निघाला आणि मुलांच्या फूटपट्टीशी काहीच जुळेना. छपाई घेतल्यावर दुकानातच एक तास मोजून घ्या. ६० मिलिमीटर नसेल तर प्रत १०० टक्के आकारात पुन्हा काढायला सांगा.

सध्याचा उपाय : दोनच तुकडे, ८ ते १२ आणि १२ ते ४, दोन्ही २४ सेंटीमीटर, बाराला चिकटपट्टीची बिजागरी. शाळेच्या वेळेतली सगळी उदाहरणं यात मावतात. मूल आधी डावा तुकडा मोजतं : १०:४५ ते १२, साडेसात सेंटीमीटर. मग उजवा : १२ ते २:२०, चौदा सेंटीमीटर. एकूण साडेएकवीस. इथे भागाकार न करता ६ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या तासपट्ट्या रांगेत मांडायच्या. तीन मावतात, उरतात साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे ३५ मिनिटं. उजव्या तुकड्यावर पहिल्या तासाच्या सुरुवातीला १२ आणि त्याच्याच खाली बारीक ० लिहिलं आहे. लाल रेघ आता बाराला नाही, १ च्या डोक्यावर आहे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं आणि पुढचा बेत बदलला. शिंप्याची टेप १५० सेंटीमीटरची असते. तासाला ६ सेंटीमीटर धरले तर पूर्ण दिवस १४४ सेंटीमीटर, म्हणजे चोवीस तास तिच्यावर आयते मावतात! गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात टेप शोधत फिरावं लागत नाही. मध्यरात्र शून्यावर, मध्यान्ह ७२ वर. १०:४५ येतात ६४.५ वर, २:२० येतात ८६ वर, फरक साडेएकवीस, आणि बेरीज एकदाही नाही. दर ६ सेंटीमीटरला पक्क्या शाईने रेल्वेचा तास लिहायचा, ० ते २४. जुनी, ताणलेली टेप घेऊ नका, आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. कागदी पट्टीचा रंगीत संच करायचा होता, तो तूर्त थांबवला आहे.

दिनदर्शिकेच्या संचात फक्त एक दुरुस्ती. 'सोलापूरच्या गड्डा यात्रेत पाळणा १० जानेवारीपासून २४ जानेवारीपर्यंत असेल तर किती दिवस?' याचं उत्तर १५, वजाबाकी देते १४. वेळ पट्टीवर रेघेपासून रेघेपर्यंत मोजतो, तारीख मात्र पूर्ण चौकोन असते आणि दोन्ही टोकांचे चौकोन धरायचे असतात. 'किती दिवसांनी' विचारलं तर १४. हे दोन प्रश्न एकाच पानावर शेजारी ठेवा, वेगळ्या पानांवर नको.

पुढची चाचणी रात्रीच्या गाडीची : रात्री १०:४० ला सुटून सकाळी ६:३० ला पोचणारी. त्यासाठी दोन टेपा लागतील. दुसऱ्या टेपचा शून्य पहिल्या टेपच्या १४४ वर ठेवायचा, टोकाला टोक लावायचं नाही. नाहीतर शेवटचे ६ सेंटीमीटर मोजणीत येतात आणि ७ तास ५० मिनिटांचा प्रवास ८ तास ५० मिनिटांचा होतो.