सहा कुंड्या, दोन ट्रेंचा हिशेब आणि किलो-लिटरचा घोळ

गच्चीवर सहा मोठ्या कुंड्या आणि दोन ट्रे, एवढाच बेत होता. कुंड्यांत टोमॅटो, मिरची, वांगी आणि ट्रेमध्ये पालेभाजी. खर्चाचा कागद केला तेव्हा कुंड्यांचे भाव नीट लिहिले, बियांची पाकिटंही लिहिली आणि शेवटी 'माती : एक पोतं' असं लिहून मोकळा झालो. 30 किलोचं तयार मिश्रणाचं ते पोतं दोन कुंड्यांत संपलं आणि तिसरी अर्धीसुद्धा भरली नाही. बायको म्हणाली, "बाकीच्यांत काय भरायचं, उत्साह?"

चूक साधी होती. मिश्रण मिळतं किलोवर आणि कुंडीत जातं लिटरवर. पोत्यातला माल ओलसर असेल तर पाण्याचं वजनही आपणच विकत घेतो. म्हणून कागद फाडला आणि सुरुवात कुंडीपासून केली.

बारा इंची कुंडी म्हणजे व्यास 30 सेंटिमीटर, उंचीही 30. सरळ नळकांडं धरलं तर 21 लिटर येतात. पण कुंडी खाली निमुळती असते आणि पाणी घालायला वर तीनेक सेंटिमीटर जागा सोडावी लागते. मी कुंडीत प्लास्टिकची पिशवी पसरली आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत गेलो. चौदाव्या मापाला पाणी हव्या त्या रेषेवर आलं. 21 आणि 14 मधला फरक सहा कुंड्यांना 42 लिटर होतो, म्हणजे तीन कुंड्यांचा माल! ट्रे 60 बाय 30 सेंटिमीटरचा, त्यात 12 सेंटिमीटर थर द्यायचा, म्हणजे साधारण 22 लिटर. सहा कुंड्यांचे 84 आणि दोन ट्रेंचे 44, मिळून 128 लिटर.

एवढ्यावरही भागत नाही. कोरडं मिश्रण पहिल्या दोन-तीन पाण्यांत बसतं, शिवाय बारीक खत कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, फटींत शिरतं. त्यामुळे 150 लिटर धरले. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समान भाग, म्हणजे प्रत्येकी 50 लिटर.

आता लिटरचे किलो करायचे. दहा लिटरची बादली भरून वजनकाट्यावर ठेवली. माती बारा किलोच्या वर गेली, खत सहा किलो भरलं. म्हणजे माती 60 किलोच्या पुढे आणि खत 30 किलो. कोकोपीटचं गणित मात्र उलटं असतं. पाच किलोची दाबलेली वीट भिजली की फुगून साठ-सत्तर लिटर होते. एकच वीट पुरली आणि उरलेलं रोपं करायला वापरलं. कागदावर महाग वाटणारी ही वीट लिटरमागे सगळ्यांत स्वस्त पडली. एकूण भरणीचा खर्च रिकाम्या कुंड्यांच्या दीडपट झाला. ओल्या मिश्रणाचं वजनही लिटरला किलोच्या आसपास धरावं. बाल्कनीत सगळ्या कुंड्या कठड्याकडे एका ओळीत लावायच्या आधी हा आकडा बघितलेला बरा.

बियांचा खर्च किरकोळ, पण तिथेही मी उधळपट्टी केली. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनेकशे बिया असतात आणि मला लावायची होती दोन झाडं. चार जणांत एक पाकीट वाटून घेतलं असतं तरी उरलं असतं. टोमॅटोचं बी कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. कांद्याचं वर्षभरात मंदावतं, ते साठवू नये.

पाणी मी हिशेबात धरलंच नव्हतं. भर उन्हाळ्यात फळं धरलेल्या टोमॅटोच्या झाडाला दिवसाला दोन लिटरही लागतात. सगळ्या कुंड्यांना तेवढंच धरलं तर बारा लिटर आणि ट्रेंचे तीन, एकूण पंधरा. पाण्याला पैसे फार पडत नाहीत. ते उचलून गच्चीवर न्यायला माणूस लागतो. चार दिवस गावाला गेलो तेव्हा दोन झाडं गेली. मग ठिबकची बारीक नळी घेतली. तासाला चार लिटर देणारा ड्रिपर अर्धा तास चालला की दोन लिटर पडतात. पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजलं, तेव्हा टोकाचे दोन निम्मंच पाणी देत होते. नळीत कचरा होता. टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवायची राहिली होती, तीही यादीत वाढली.

दुसऱ्या हंगामात मिश्रण खाली बसलेलं दिसलं, कारण त्यातलं सेंद्रिय खत कुजून संपत जातं. कुंडीला तीन लिटर आणि ट्रेला चार, असं 26 लिटर, म्हणजे सोळा किलोच्या आसपास खत लागलं. कागदावर आता 'दर हंगामाला' असा वेगळा रकाना केला आहे आणि त्यात हे खत सगळ्यांत वर लिहिलं आहे.